टिटवीच्या अंगावरचा स्वेटर

रफूवाल्या बाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. टेबलावर वाकवता येणारा दिवा, भिंग, सुयांची डबी आणि गिऱ्हाइकांचे कोट, शाली, पँटी. बाईंचा हात असा की सिगरेटने जळलेलं भोक बुजवल्यावर गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, नक्की कुठे होतं हो? बाई म्हणायच्या, "सापडलं तर पैसे परत." आजवर कुणाला सापडलं नव्हतं.

रफूचा धागा बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, एकेक तार ओढून काढायची आणि भोकावर विणायची. बाईंचं अख्खं आयुष्य यात गेलं. जन्मभराची सवय माणूस दुकानात ठेवून घरी थोडाच येतो?

बाईंना एकच मुलगा. लहानपणी शर्टाच्या गुंड्या चावून तोडायचा, म्हणून त्याचं नाव गुंड्या पडलं, ते लग्नानंतरही सुटलं नाही. गुंड्या गाडीच्या अपघातात गेला. आता खरं सांगायचं तर बाई जिभेच्या फार तिखट. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, त्या सुनेला म्हणाल्या, "तूच घालवलंस त्याला. तुझ्या माहेरच्या कामाला गेला होता तो." सूनबाईने तिथल्या तिथे तीन वर्षांच्या मुलीला उचललं आणि भावाकडे निघून गेली. त्यानंतर बाईंचा फोन तिने घेतला नाही. कशाला घेईल? मी तिच्या जागी असते तर मीही घेतला नसता.

त्या मुलीचं लाडाचं नाव टिटवी. जन्मल्या जन्मल्या अशी किंचाळली की बापाने दवाखान्यातच हे नाव ठेवलं होतं.

दोन वर्षं बाईंनी दाराबाहेर उभं राहून, मिठाया धाडून, नातेवाइकांना मध्ये घालून पाहिलं. मग वकीलबाई गाठल्या. ही वकीलबाई स्पष्ट बोलणारी निघाली. मुलीचा ताबा मागाल तर हात हलवत परत याल, ती म्हणाली. बाप गेल्यावर मुलीची पालक तिची आई, आणि आई चांगली सांभाळतेय. आपण फक्त भेट मागू. आणि भेटसुद्धा 'माझा हक्क आहे' म्हणून मिळत नाही. कोर्ट एवढंच बघतं, की आजी भेटण्यात मुलीचं भलं आहे का. "हक्क म्हणायचाच तर तो तिचा आहे, तुमचा नाही," वकीलबाईंनी बजावलं. बाईंनी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

कुटुंब न्यायालयाने आधी दोघींना मध्यस्थाकडे पाठवलं. तिथे सूनबाई भिंतीकडे बघत बसली आणि बाई रडत बसल्या. जमलं नाही. मग समुपदेशक ताईंनी दोन्ही घरं बघितली, मुलीशी बोलल्या, अहवाल दिला, आणि खटला चालू असताना तात्पुरता हुकूम झाला. महिन्यातून दोन शनिवारी, कोर्टाच्याच इमारतीतल्या मुलांच्या खोलीत, ताईंच्या समोर दोन तास भेट. मुलीला बाहेर न्यायचं नाही, आईविरुद्ध अक्षर काढायचं नाही, आणलेली वस्तू आधी ताईंना दाखवायची. बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला.

मुलांच्या खोलीत प्लॅस्टिकची घसरगुंडी होती, भिंतीवर रंग उडालेला जिराफ, बुटक्या खुर्च्या, आणि काचेचं दार. सूनबाई दारापलीकडच्या बाकावर बसायची. पहिल्या भेटीत टिटवी घसरगुंडीच्या मागे जाऊन बसली, ती शेवटपर्यंत तिथेच. तिला ही बाई आठवत नव्हती. बाई घरी आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या भेटीला त्यांनी गुंड्याचा लहानपणचा निळा स्वेटर नेला. कोपराला कसर लागली होती, ती त्यांनी रात्र जागून अशी भरली की देवाला दिसू नये. ताईंनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला. जुना कपडा, त्यात काय? ठीक आहे, म्हणाल्या. कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

टिटवीने तो घातला. मापात बसला, जणू तिच्यासाठीच विणलेला. तिने गळ्याशी हात नेला, वरची गुंडी तोंडात धरली आणि चावू लागली.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंडून गेलं, "गुंड्या?"

मुलीने वर बघितलं. बाईंच्या डोळ्यांत बघत राहिली. मग घसरगुंडी सोडून बाईंच्या मांडीवर येऊन बसली.

तिथून हे वाढत गेलं. खोलीत कुजबुज चालायची. ताईंना वाटे, आजी नातीला बापाच्या गोष्टी सांगतेय, बरंच आहे. बाई विचारायच्या, घराची चावी तू कुठे लपवायचास रे? मुलगी थांबून सांगायची, टाकीखाली. बरोबर. कोणती भाजी ताटाबाहेर टाकायचास? बरोबर. शाळेतून पळून कुठे जायचास? तेही बरोबर. पाच-सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं? सुनेलासुद्धा यातलं काही ठाऊक नव्हतं. एका शनिवारी मुलगी जाता जाता मागे वळली आणि हळूच "आई" म्हणाली. आजी नव्हे, आई. बाई त्या दिवशी दुकानात दिवा लावून नुसत्याच बसल्या. त्यांना भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती, पण बाईंना वाटलं, आपल्या काळजाचं भोक बुजलं.

मग सूनबाईंचा अर्ज आला, भेटी बंद करा म्हणून.

तारखेच्या दिवशी न्यायाधीश बाईंच्या खोलीत सगळे बसले आणि सूनबाईंच्या वकिलाने अर्ज वाचला. मुलगी स्वेटर अंगावरून काढू देत नाही. तिच्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. आरशात बघत नाही. आणि गेल्या आठवड्यात संध्याकाळी ती दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या."

इथे सूनबाईंना हुंदका आवरेना. अपघाताच्या दिवशी नवऱ्याने फोनवर शेवटचं बोललेलं वाक्य ते हेच होतं. तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी तर ते जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ऐकून त्यांना आधी काय झालं म्हणाल? आनंद झाला. समोर सून तोंडावर पदर घेऊन रडतेय, आणि यांच्या मनात एकच, की आला, माझा गुंड्या खरंच आला. मग पदर तोंडात कोंबणाऱ्या सुनेच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

न्यायाधीश बाई मुलीशी एकट्या बोलल्या. वकील नाही, आई नाही, आजी नाही. फक्त समुपदेशक ताई. बराच वेळ दार बंद होतं. नंतर त्यांनी दोघींना आत बोलावलं आणि मुलगी काय म्हणाली त्यातलं सांगण्याजोगं सांगितलं. आजी बाबांबद्दल प्रश्न विचारते, असं मुलीनेच सांगितलं होतं. उत्तरं कशी कळतात, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, आजी आधी डोळ्यांनी सांगते, मग मी तोंडाने सांगते. चुकलं की आजी रडते. बरोबर आलं की हसते. बाबा झालं की कुणीच रडत नाही.

"आणि ते फोनवरचं?" सूनबाईंनी विचारलं.

ताई म्हणाल्या, फोन त्या दिवशी स्पीकरवर असेल, मुलं ऐकतात आणि जपून ठेवतात. असेलही. सूनबाई म्हणाली, नव्हता. 

न्यायाधीश बाईंनी हुकूम सांगितला. भेटी तीन महिने थांबतील. तेवढ्या काळात आजींनी ताईंकडे नियमित यायचं. मग एकेक तास भेट, मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक, आणि वडिलांची कोणतीही वस्तू आईच्या संमतीशिवाय द्यायची नाही. असे हुकूम कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की बदलतात. पुन्हा तसंच घडलं तर भेट बंद होईल. "आजी मिळणं हे या मुलीच्या भल्याचं आहे, म्हणून मी दार पूर्ण लावत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी तिला दुसरं कुणी व्हावं लागता कामा नये."

ते तीन महिने बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. ताईंपुढे त्या आधी भांडल्या. मी काय केलं, पोरीला मायाच लावली ना? मग एक दिवस कुणाच्या तरी शालीला रफू करता करता त्यांनी दुमडीतून तार ओढली, आणखी एक ओढली, आणि काठ हातात सुटून आला. भोक बुजलं होतं, पण शाल काठापासून उसवत चालली होती. शिकाऊ पोरीसुद्धा अशी चूक करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला शालीचे पैसे भरून दिले, आणि ताईंकडे जाऊन पहिल्यांदा म्हणाल्या, माझा मुलगा मेला आहे.

भेटीचा शनिवार आला. काचेपलीकडे सूनबाई, कोपऱ्यात ताई. टिटवी साध्या पिवळ्या फ्रॉकमध्ये आली, वाळली होती. येऊन समोर उभी राहिली, फ्रॉकची गुंडी ओठांत धरली आणि बाईंच्या डोळ्यांत बघू लागली. अगदी आत, काहीतरी शोधत असल्यासारखं.

मग हळूच म्हणाली, "आई, मी आलोय."

आवाज तोच होता. घोगरा, गुंड्या शाळेतून उशिरा आल्यावर काढायचा तो.  एकदा, फक्त एकदा 'ये बाळा' म्हणावं असा बाईंचा जीव तुटला. काचेपलीकडे सूनबाई उठून उभी राहिली होती.

बाईंनी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यात काही दिसायला नको. मिटल्या डोळ्यांनीच त्या बोलल्या.

"तुझे बाबा मेले, टिटवे. ते येणार नाहीत. मी त्यांची आई होते. तुझी मी आजी आहे."

 मग बाईंच्या गुडघ्यावर एक लहानसा हात पडला, बर्फासारखा गार.

"म्हणजे," मुलीने तिच्या स्वतःच्या बारीक, चिरक्या आवाजात विचारलं, "मी मेलेली नाहीये?"

बाईंनी डोळे उघडले. "नाही गं," त्या म्हणाल्या.

टिटवीने गुंडी तोंडातून काढली, फ्रॉकला पुसली, आणि घसरगुंडीकडे पळाली. वर चढून ती अशी किंचाळली की काचेपलीकडच्या तिच्या आईने दार उघडलं. आणि उघडंच ठेवलं.