पान नाही, पानाच्या रेघा

दादाचं दिवसकार्य नुकतंच उरकलं होतं. पोस्टमन दहिवलीच्या घराच्या पडवीत आला आणि सहीला दादाच उठेल असं मला क्षणभर वाटलं... पाकीट त्याच्या नातवाचं, ईशानचं, न्यूझीलंडहून. दादा गेला तेव्हा ते वाटेत होतं.

दादा माझा थोरला भाऊ. त्याची नात जुई इथं, ईशान तिकडे. दोघं चुलत भावंडं, पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "कशी आहेस?" "मस्त" झालं की गप्पा संपायच्या. पडवीतल्या बाकाच्या हातावर पंजा टेकून दादा चिडायचा, "तोंडं बगून भावंडं व्हत नाय गं. कायतरी हातात पडाया हवं." त्यानंच जुईला पत्र लिहायला बसवलं. ईशानला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रंच जास्त आणि खाली त्याच्या आईनं वाचून दाखवायच्या चार ओळी.

पहिल्या पार्सलात चित्रं, जुईनं गुंफलेली राखी आणि घरामागच्या सागाचं भलंमोठं पान. पोस्टात खोकं उघडंच न्यायचं, कस्टमच्या अर्जावर आतली एकेक वस्तू लिहायची. दादानं इमानदारीत पानही लिहायला लावलं. खिडकीवरच्या बाईंनी लगेच हटकलं, "काका, तिकडं झाडपाला चालत नाही. कीड जाते म्हणून."

"आमच्या सागाला काय रोग हाय?" दादा भडकला. पान परत आलं, जुई रडवेली. घरी येऊन त्यानं पान उलटं ठेवलं, वर कागद धरला आणि जुईला खडू आडवा घासायला लावला. शिरा उठू लागल्या. "आता अडवा म्हनावं!"

पानाऐवजी तो कागद गेला, आणि काही आठवड्यांनी ईशानकडून त्याच्या बुटाच्या तळव्याचा ठसा आला. खाली प्रश्न: कशाचा? मग काय, वेडच लागलं दोघांना. जुईच्या किसणीच्या ठशानं ईशानला पार दमवलं. उत्तर पुढच्या पत्रातच मिळणार, म्हणून रविवारचे कॉल भांडणांनी लांबत गेले. दादा नुसता खूश.

तो गेल्यावर हे बंद पडेल, अशी मला भीती होती. पोस्टात नेणारा तोच ना. पण जुईनं आलेलं पाकीट फोडलं. कसल्याशा जाळीचा ठसा, आणि खाली ईशाननं पहिल्यांदाच वेड्यावाकड्या मराठीत लिहिलेलं: आजोबा, ओळखा.

जुईनं कागद आणि खडू आणला. मग दादाच्या बाकाच्या हातावर कागद धरून खडू घासू लागली. लाकडाच्या रेघा उठल्या. मधेच तळहाताएवढी जागा कोरी.

"आजी, इथं कायच उठत नाय गं."

"घासून गुळगुळीत झालंय ते. तुझ्या आजोबांचा हात असायचा तिथं."

तिनं खाली 'ओळख' एवढंच लिहिलं. पोस्टात मी गेले तिच्याबरोबर. अर्जावर लिहिलं, चित्र, एक.

पुढे एका रविवारी ईशाननं तो कागद कॅमेऱ्यापुढे धरला. कोऱ्या जागेवर आपला पंजा ठेवला. मला रडू आवरेना.

"ओळखलं," तो म्हणाला. "जुई, माझा हात अजून लहान पडतोय गं. तुझा बघ ना बाकावर ठेवून."