खोक्यावरचा नंबर

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणे, कारण ते औषधाआधी उपदेश पाजत. कोणी बिननावाचा चार्जर घेऊन आला की प्रवचन सुरू. “चप्पल घेताना दहादा घालून बघता, आणि उशाशी ठेवायची वस्तू डोळे झाकून? मागं प्रमाणपत्राचा नंबर बघा, सरकारी साइटवर टाका. नंबर नाही तर वस्तू नाही!”

भाची शिकायला वसतिगृहात निघाली त्या दिवशी मात्र दुकानात चांगली पॉवर बँक एकच उरली होती, आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक उभं होतं. घाऊकवाल्यानं फुकट दिलेला पॉवर बँकेचा एक नमुना खणात पडून होता. वर छापलेला क्षमतेचा आकडा भरघोस, वजन पिसाचं. डॉक्टरांनी तो एका नामांकित कंपनीच्या रिकाम्या खोक्यात सरकवला आणि भाचीच्या हाती दिला. एकानं काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. मन समजूतदार निघालं.

चार महिन्यांनी भाची आली तेव्हा डॉक्टर बिननावाचा चार्जर घेऊन आलेल्या शिंपीणकाकूंना तेच प्रवचन देत होते. तिनं रुमालातून पॉवर बँक काढली. पोट फुगलेलं, शिवण उकललेली.

“हात नको लावू!” डॉक्टरांनी ती अलगद उचलून मागच्या अंगणातल्या वाळूच्या डब्यात ठेवली. “कधीपासून फुगलीय?”

“पंधरा दिवस झाले. मैत्रीण म्हणाली, टाकून दे. मी म्हटलं, अगं, माझ्या मामानं दिलीय, भिंतीवर लिहून ठेव, काही होणार नाही. रोज उशाशी चार्जिंगला लावायचे.”

डॉक्टरांनी तिच्या रुमालाची उगाच घडी घातली.

“आणि तू शिकवलंस तसा नंबर तपासला होता बरं का. खोक्यावरचा. साइटवर खरा निघाला! म्हणजे मामा, तुलाच कोणीतरी गंडवलंय. सांग कुठून घेतलीस, आत्ता जाऊन भांडू.”

“बरोबर आहे पोरीचं,” काकू सरसावल्या. “असल्या लोकांना चव्हाट्यावर आणलं पाहिजे.”

घाऊकवाल्याचं नाव जिभेवर आलं होतं. ते घेतलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. डॉक्टरांनी ते गिळलं.

“गंडवलं मीच. नमुना फुकटचा होता. खोकं दुसऱ्याचं होतं. मला माहीत होतं.”

काकूंनी आपला चार्जर पिशवीत घातला आणि शिवायच्या राहिलेल्या ब्लाउजच्या बाह्या आठवल्यासारखं करून निघून गेल्या.

डॉक्टरांनी फळीवरची चांगली पॉवर बँक काढून भाचीपुढं ठेवली. “ही घे. खरी आहे.”

तिनं खोकं बाजूला सारलं, वस्तू उलटी केली, पाठीवरचा नंबर एकेक आकडा बघत फोनवर टाकला. साइट संथ होती. डॉक्टर काउंटरमागं हात बांधून उभे राहिले. बसायचं धाडस झालं नाही.