उपाशी माणसाची साखर

त्या रविवारी सकाळी मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला खोटारडा म्हणाले. तेही त्याच्या घरात, त्याच्या बायको-मुलीसमोर. मी चिखलीत पंचवीस वर्षं डॉक्टरकी करते आहे, आणि 'तू खोटं बोलतोस' हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं आहे की कोणासमोर बोलतेय हेही मी बघत नाही.

दादाचं खत-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर गल्ल्यावर बसणं, पोट पुढे आलेलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याची उपाशीपोटीची साखर एकशे पन्नास निघाली तेव्हा मी त्याला म्हणाले होते, ''रात्री काहीतरी तोंडात टाकतोस, मला शिकवू नकोस.'' वहिनीला तेवढंच हवं होतं. तिने गूळ, शेवया, चिवडा, सगळे डबे कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आणि आज घरच्या मशीनवर एकशे अडुसष्ट. म्हणून मला बोलावणं आलं होतं.

''मी काईच खाल्लं नाई व,'' दादा म्हणाला. ''तुह्या गळ्याची शपथ.''

''माझा गळा मध्ये आणू नकोस. साखर काय आभाळातून पडते?''

''मशीन खोटं बोलते काय?'' वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली.

दादा उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढत नाही, जड होतो. ''मंग ऐका. आजपासून बोटाले सुई टोचणं बंद, गोळी बंद, तुहा दवाखानाही बंद. खरं बोलून जर चोर ठरत असीन, तं काऊन करू मी हे?''

तो पोकळ बोलत नाही. आमच्या वडिलांशी एकदा अबोला धरला तो दोन वर्षं टिकवला होता. औषध सोडलं म्हणजे सोडलंच असतं. मला घाम फुटला, आणि घाम फुटला की मी आणखी चिडते.

भाची मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीवर आली होती आणि मंगळवारी तिची तोंडी परीक्षा होती. ती इतका वेळ वही घेऊन गप्प बसली होती. आता म्हणाली, ''आत्या, मी काल झोपताना पण मोजली होती. एकशे एक्केचाळीस होती. बाबा समोरच्या खोलीत माझ्याजवळच झोपले. मग सकाळी वाढली कशी?''

मी तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण मी तिच्यावरच घसरले. ''तूच सांग. शिकतेस ना? इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय?''

तिने घडाघडा म्हटलं, ''इन्सुलिन ही किल्ली, पेशी हे कुलूप. मधुमेहात किल्ली कमी पडते.''

''पाठांतर! तुझ्या बाबांच्या रक्तात कदाचित तुझ्यापेक्षा जास्त इन्सुलिन असेल. किल्ली लागते, फिरते. आतला निरोपच पुढे जात नाही.''

ती गोंधळली. मी वही ओढून घेतली आणि कोऱ्या पानावर आकृती काढत सांगू लागले. जेवलो की रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ते स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींवर जाऊन बसतं. त्यासरशी आत निरोप जातो आणि पेशीच्या पोटात ठेवलेली साखरेची दारं पृष्ठभागावर येतात. यकृतात आणि स्नायूंत नको तिथे चरबी साचली की हा निरोप अर्ध्या वाटेत मंदावतो. दारं थोडीच वर येतात. साखर बाहेर रक्तात फिरत राहते.

''मग शरीर काय करतं?''

''तुझी आई काय करते?'' मी म्हणाले. ''टीव्हीसमोर बसलेला तुझा बाप लग्न झालं तेव्हा एका हाकेत उठायचा. आता चार हाका लागतात. चार मारल्या की उठतो, म्हणजे घराचं काम अडत नाही, बाहेरच्याला काही कळतही नाही. तसं स्वादुपिंड वर्षानुवर्षं जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. रिपोर्ट छान येतात. मग एक दिवस आईचा घसा बसतो. तिला चारच्या जागी दोनच हाका जमतात. त्या दिवसापासून साखर चढते.''

वहिनीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. दादाने तोंड फिरवलं.

भाचीने मात्र पेन चावत विचारलं, ''हे जेवल्यावरचं झालं. बाबांनी तर रात्रभर काहीच खाल्लं नव्हतं.''

''यकृत,'' मी वैतागून म्हणाले. ''यकृताला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. तिथे इन्सुलिनचं मुख्य काम म्हणजे 'पुरे कर' असं सांगणं. आपण उपाशी असलो की यकृत साठवलेली साखर सोडतं, नवीनही बनवतं, नाहीतर मेंदू चालणार कशावर? इन्सुलिन त्याला लगाम घालतं. ते ऐकूच येत नसेल तर यकृत रात्रभर साखर ओतत राहतं. पहाटे तर जास्तच. माणसाने एक घासही न खाता...''

आणि मी तिथेच थांबले. मीच बोलत होते आणि मलाच ऐकू आलं, की दादा खरं बोलत असेल.

भाची माझ्याकडे बघत होती. तिने ते बोलून दाखवलं नाही, हे तिचे उपकार.

तरीही एक गोष्ट बसेना. यकृताला आवरायला म्हणूनच तर मी तीन आठवड्यांपूर्वी रात्रीची मेटफॉर्मिनची गोळी दिली होती. ती घेत असताना तीन आठवड्यांत साखर उतरायला हवी, ही चढली होती. मी दादाला गोळ्या आणायला सांगितल्या. त्याने दुकानाच्या पिशवीतून पाकीट काढून टेबलावर टाकलं. सकाळच्या गोळ्या बरोबर संपलेल्या. रात्रीच्या पट्टीला हातही लागलेला नव्हता.

''ही घेतली नाहीस?''

''कशी घेऊ? जेवल्यावरची आहे ना ते.''

''मग?''

''मी जेवतो कुठी रात्री? तू म्हटलं रात्री खातो म्हणून साखर वाढते. तवापासून रात्रीचं जेवणच बंद केलं. हिले वाटे, मी बाहेर खाऊन येतो. तीन आठवडे झाले पाणी पिऊन झोपून राह्यलो. जेवलोच नाई तं जेवल्यावरची गोळी कशी घ्यायची?''

मी पाकिटातला माझाच औषधांचा कागद उलगडला. तिसऱ्या ओळीत, माझ्याच घाईच्या अक्षरात, रात्री एक, जेवणानंतर.

मी चिडून त्याला चोर ठरवलं, म्हणून त्याने जेवण सोडलं. जेवण सोडलं म्हणून गोळी सुटली. गोळी सुटली म्हणून साखर चढली, आणि ती चढली म्हणून मी त्याला पुन्हा चोर ठरवलं. मला स्वतःचाच राग आला. दवाखान्यात खाली मान घालून ''नाही खाल्लं जी'' म्हणणारी कितीतरी माणसं आठवली. त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

कागदावर खाडाखोड करून मी दादाला म्हणाले, आजपासून रात्री एक भाकरी, भाजी, वरण, आणि मग गोळी. जेवून झालं की अर्धा तास चालायचं, कारण स्नायू हलले की ती दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. उपाशी झोपायचं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

''म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो.''

''नाही.''

''मले नको सांगू. तिले सांग.''

वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. मी म्हणाले, ''वहिनी, त्याने काहीच खाल्लं नव्हतं. चूक माझी होती.''

तिने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि डबे एकेक करून पुन्हा फळीवर मांडले. मग तव्यावर भाकरी टाकली. सकाळचे नऊ वाजले होते. पहिला घास तोंडाशी नेताना दादाने आधी माझ्याकडे बघितलं, खाऊ का, असं विचारल्यासारखं.