दोन मोर आणि तीन धागे

मी रंगारी होतो. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या भिंती, टांग्यांच्या मागच्या फळ्या, जे मिळेल ते रंगवायचो. तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात होता आणि कारंज्यात माझ्याइतका हात कोणाचा चालत नाही असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे, मी तसं बोलूनही दाखवायचो.

गावात एक बँड होता. त्याच्या मालकाला सगळे बँडमास्तर म्हणत. त्यांच्या मोठ्या ढोलावर मी एक चिन्ह रंगवलं होतं. मागे उगवता सूर्य, तांबड्यापासून फिक्या पिवळ्यापर्यंत रंग एकमेकांत विरघळत गेलेला. समोर दोन मोर, पिसाऱ्याची एकेक काडी वेगळी. मोरांच्या मधे क्लॅरिनेट, तिच्या सगळ्या चाव्यांसकट. खाली बँडचं नाव आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत गावाचं नाव. त्या सूर्यावर मी आठ दिवस घालवले होते.

त्या वर्षी मंगरूळपीरला एक नवा बँड निघाला आणि त्यांचे कोट भारी होते. बँडमास्तरांना चैन पडेना. त्यांनी वीस माणसांसाठी लाल कोट शिवायला टाकले आणि ठरवलं की प्रत्येकाच्या छातीच्या खिशावर ढोलावरचंच चिन्ह मशीनच्या भरतकामानं काढायचं.

भरतकाम करणारी बाई बाजारातच बसायची. नवरा शिंपी होता. पुढच्या बाजूला तो कापड बेतायचा, आणि आत खिडकीपाशी पायमशीनवर ती. मशीनचा कापड दाबून धरणारा पाय काढून टाकलेला, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातांवर पत्रा बसवलेला, आणि लाकडी कड्यात ताणलेलं कापड ती दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायची. आमच्या गावात हे काम करणारी ती एकटी.

मी ढोलावरचं चिन्ह खिशाच्या मापात, तळहाताएवढं, कागदावर उतरवलं. कुठलीही रेघ सोडली नाही. बँडमास्तर आणि मी दोघे ते घेऊन गेलो.

तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे न बघता बँडमास्तरांना म्हणाली, "हे होत नाई."

"काहून?" बँडमास्तर म्हणाले.

"धाग्याले जाडी असते. ह्या दोन रेघाईच्या मंधात तांदळाचा दाणा बी मावत नाई. सुई दोन्हीकडून गेली का मधली जागा भरून जाते. अन् हा सूर्य कोनत्या रंगाचा हाये थे सांगा. तांबडा का पिवळा?"

"दोन्ही," मी म्हणालो. "एकातून दुसऱ्यात जातो. त्याला छटा म्हणतात."

"म्हनत असतीन. माह्या रिळावर एकच रंग असते."

मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, बाई. चित्राला नावं ठेवू नका."

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मले येते का नाई थे तुमी ठरवनार? बरं. एक खिसा करून देतो, जसाच्या तसा. मंग बोला."

शिंपी पुढच्या बाजूनं काहीतरी म्हणाला, पण तिनं हातानंच त्याला थांबवलं.

खिशाचा तुकडा कोटाला लावण्याआधी सुटाच भरायचा असतो, म्हणून तिनं लाल कापडाचा एक तुकडा घेतला. चौथ्या दिवशी बँडमास्तरांनी मला बोलावणं धाडलं. त्यांच्या ओसरीत बँडची सात-आठ माणसं बसली होती आणि तो तुकडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत होता. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "पेंटर, ह्या भिजलेल्या कोंबड्या कायले काढल्या?" सगळे हसले.

तुकडा माझ्या हातात आला. नऊ रंगांचा धागा त्यात गच्च बसला होता. मोरांचे पिसारे एकाच निळ्या-हिरव्या गोळ्यात गेले होते. सूर्याच्या जागी पट्टेरी चट्टा होता, छटा नव्हतीच. खालच्या अक्षरांची पोटं बुजली होती आणि नाव वाचता येत नव्हतं. एवढे टाके एवढ्याशा जागेत पडल्यानं कापड आक्रसून पापडासारखं वाकडं झालं होतं, आणि मोराच्या मानेपाशी तर सुई पुन्हापुन्हा जाऊन फाटलंच होतं.

मी तो तुकडा घेऊन थेट दुकानात गेलो. बाजाराचा दिवस होता. मी मोठ्यानं म्हणालो की तिनं हे मुद्दाम केलंय, मला खाली पाहायला लावायला माझं चित्र नासवलंय. लोक थांबले. मी थांबलो नाही. बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं की असं होतं, असंही काही बोललो. ते शब्द मला आजही आठवतात आणि त्यांची लाज वाटते.

ती उठून दारात आली. हातात माझा कागद होता.

"दोन सुया मोडल्या ह्याच्यापायी," ती म्हणाली. "तुमी काढलेली एक रेघ सोडली नाई म्या. मोजा. हे माह्यं काम नाई, तुमचं हाये." आणि तिनं कागद रस्त्यावर फेकला. तो मला सगळ्यांसमोर वाकून उचलावा लागला.

त्यानंतर मी बँडमास्तरांचे कान भरले. म्हणालो, अकोल्याला मोठी दुकानं आहेत, तिथे नेऊ. त्यांना काय, कोट हवे होते. आम्ही मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. तिथल्या कारागिरानं कागद पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "हे भिंतीचं चित्र हाये, खिशाचं नाई. आधी कोन्या भरतकामवाल्याले दाखवा, मंग काढा." परतल्यावर घराजवळ बँडमास्तर एवढंच म्हणाले, "उद्या तिच्याकडे जा. म्या सांगतो म्हनून जा."

मी गेलो. माफी मागितली नाही. तिनंही मागायला लावली नाही. तिनं एक स्टूल पुढे सरकवलं, शाईची दौत ठेवली आणि काडेपेटीतली एक काडी माझ्यापुढे टाकली.

"ब्रश खिशात ठेवा. ह्या काडीनं काढा. काडीनं जे निघते थे सुईनं निघते. जे काडीनं निघत नाई, थे कापडावर बी नाई."

तीन दुपारी मी तिथे बसलो. मला तो अपमान वाटत होता आणि तिला ते दिसत होतं. मी काढायचो, ती मशीन थांबवून वाकून पाहायची आणि खडूनं फुली मारायची. क्लॅरिनेटच्या चाव्यांवर फुली. गावाच्या नावावर फुली. मोराच्या तुऱ्यातल्या काड्या पाच होत्या, तिनं तीन ठेवल्या.

"दोन मोर कायले पाह्यजेत?"

"तोल साधायला."

"खिशावर तोल कोन पाह्यते? एक मोठा काढा. दिसन तरी."

एक मोर गेला. उरलेल्याच्या पिसाऱ्यात मी सात जाड पिसं ठेवली, प्रत्येकाच्या टोकाला एक टिपका. दोन पिसांमधे काडीच्या रुंदीएवढी जागा सोडायची, असं ती दर वेळी सांगायची आणि मी दर वेळी मुद्दाम विसरायचो.

रंगांवरून सगळ्यात जास्त भांडण झालं. ती म्हणाली, तीन धागे. मी म्हणालो, निदान सहा. ती म्हणाली, "वीस खिसे हायेत. दर रंगाले मशीन थांबवा, धागा तोडा, सुई ओवा. म्या वीसही खिशाईचा पिवळा आधी करीन, मंग निळा, मंग पांढरा. चौथा नाई."

"मग सूर्याचं काय? तो तांबडा हवा."

तिनं लाल कापडाचा तुकडा उचलून माझ्या कागदावर आपटला. "हे काय हाये? तांबडा तर आधीच हाये. तुमी जागा सोडा, कापड दिसन."

मी सूर्याचा अर्धगोल पिवळा काढला, भोवती जाड किरण, आणि किरणांच्या मधे काहीच नाही. कागदावर ते मला पोरकट वाटलं. मी ते बोललोही. ती म्हणाली, "वाटू द्या."

एकच गोष्ट मी सोडली नाही. मोराच्या डोळ्यावर तिनं फुली मारली होती. मी म्हणालो, डोळा नसेल तर मी उठतो, कोट तसेच घाला. ती म्हणाली, "पांढरा टिपका. बाजरीच्या दाण्याएवढा नाई, ज्वारीच्या." मी ज्वारीच्या दाण्याएवढा काढला.

शेवटी तिनं पातळ तेलकट कागदावर माझ्या काडीच्या रेघा उतरवल्या आणि त्या रेघांवर सुईनं भोकं पाडायला मला बसवलं. तो कागद लाल कापडावर ठेवून खडूच्या भुकटीची पुरचुंडी फिरवली की ठिपक्यांचं चित्र खाली उमटतं. भुकटी झडते म्हणून ती लगेच पेन्सिलनं जोडून घ्यायची. खिशाखाली आतून जाड कडक कापड लावलं, म्हणजे या वेळी आक्रसणार नाही. हे पहिल्या वेळी का लावलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा लावलं असतं तरी थे गोळाच झालं असतं. पन हो, नाई लावलं. तुमच्यावर वाया घालवाचं नव्हतं." म्हणजे मी बाजारात ओरडलो त्यात थोडं खरं होतं. पण त्या वेळी ते बोलून दाखवायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

मंगरूळपीरच्या एका व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं, तिथे कोट पहिल्यांदा घातले. मी मुद्दाम गेलो. वरात लांबून येताना वीस छात्यांवर वीस मोर स्वच्छ दिसत होते. सूर्य तांबडाच दिसत होता, कुठेही तांबडा धागा नसताना. मधे चाललेल्या ढोलावरचं माझं चित्र तेवढ्या अंतरावरून नुसतं मळकट गोल दिसत होतं. वरात जवळ आल्यावर कोणीतरी बँडमास्तरांना विचारलं की चिन्ह कोणी केलं. त्यांनी तिचं नाव सांगितलं. मी दोन पावलांवर उभा होतो. मला तिचा राग आला, आणि काम चांगलं झालं होतं म्हणून तो जास्तच आला.

पुढच्या हंगामात बँडमास्तरांनी ढोलावर खिशावरचा मोर काढायला सांगितलं. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्या रंगाऱ्याकडून करून घेतलं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी तिचा नवरा माझ्या दारात आला. एका जिनिंग फॅक्टरीच्या पहारेकऱ्यांच्या बाहीवर कपाशीचं बोंड भरायचं होतं, आणि फॅक्टरीनं दिलेल्या चित्रात केसाएवढ्या रेघा होत्या. तो संकोचून म्हणाला, "तिनं सांगतलं, पेंटरले म्हना, ये, अन् तोंड बंद ठेव."

मी गेलो. तोंड बंद ठेवलं, बहुतेक वेळ. पुढे आठ-नऊ वर्षं असं चाललं. दवाखान्याचे शिपाई, शाळेचे खेळाडू, एक भजनी मंडळ. ती फुल्या मारायची, मी भांडायचो. तिनं कधी मला चहा विचारला नाही आणि मी कधी तिच्या कामाला चांगलं म्हणालो नाही. रस्त्यात भेट झाली तर दोघेही दुसरीकडे पाहायचो. तिचे डोळे अधू झाले आणि तिनं मशीन विकलं, ते मला दुसऱ्याकडून कळलं. मी भेटायला जायचं ठरवलं, दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलोही. ती दारात बसून तांदूळ निवडत होती, डोळ्यांशी अगदी जवळ धरून. मी तिथूनच वळलो आणि घरी आलो.