हेडबाईंची माळ, गाठमावशीचा गळा

“मोती शेवटी चढवायचा आणि आधी उतरवायचा.”

गाठमावशी हे इतक्या वेळा म्हणायची, की दुकानातल्या वजनकाट्यालाही ते पाठ झालं असावं. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की अजून चष्माही वर न करता ती त्याला ऐकवायची. पावडर, अत्तर, केसांवरचा फवारा, सगळं अंगावर बसून सुकलं की मग मोती. आणि घरी परतल्यावर चपलेच्याही आधी मोती काढायचा, ओल्या मऊ फडक्यानं पुसायचा, सपाट निजवायचा. टांगायचा नाही, टांगला की धागा ताणतो. “आणि हिऱ्याशेजारी तर मुळीच ठेवायचा नाही,” ती म्हणायची. “हिरा शेजारी चांगला नसतो. ओरबाडतो.”

सराफाच्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेला लागून तिची खुर्ची होती. पुढ्यात लोकरी कापडाची पाटी, पाटीला उभ्या खाचा, खाचांत मोती क्रमानं झोपलेले. हातात बारीक चिमटा. एक मोती पुढे, एक गाठ, परत एक मोती, परत एक गाठ. गाठ मोत्याला अशी टेकवायची की मध्ये केसही शिरू नये. मोती मोत्यावर घासला की झिजतो. शिवाय धागा तुटलाच तर एखादाच मोती जावा, सगळी माळ जमिनीवर सांडू नये. एकतीस वर्षं ती त्या काचेमागे हेच करत होती. माणसं रस्त्यानं जाताना थांबून बघायची, जशी शेतात कुणी एकटं कोळपत असलं की वाटसरू उगाच थांबतो.

तिची एकच खोड होती. ओवून झालेली माळ ती स्वतःच्या गळ्यात घालून एक दिवस हिंडायची. नवा रेशमी धागा मोत्यांच्या वजनानं ताणून जरा उतरतो. तो किती उतरला, गाठींत फट पडली का, माळ छातीवर सरळ पडते का, हे पाटीवर कळत नाही, गळ्यातच कळतं. मालकाला हे ठाऊक होतं. एक दिवस, कॉलरच्या आत, कुणाला न दाखवता, एवढी त्याची मुभा होती.

हेडबाईंची माळ मात्र तिनं नऊ दिवस घातली.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी बाजारात पाठमोरी दिसली तरी तिचा हजेरी क्रमांक सांगायच्या, अशी ख्याती. त्यांनी माळ आणली ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत, डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.

“आईची आहे,” त्या मालकाला म्हणाल्या. “वीस वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये होती. एकदाही घातली नाही. इतकी जपलीय!”

“जपलीय की कोंडलीय?” काचेकडून आवाज आला. हेडबाईंनी तिकडे बघितलं, पण वर्गात मागच्या बाकावरून कुणी बोललं की त्या जशा न ऐकल्यासारखं करायच्या, तसंच केलं.

मालकानं माळ पाटीवर सोडली. धागा तपकिरी पडून भुसा झालेला. मोती सदुसष्ट, सगळे आंधळे, भिंतीच्या चुन्यासारखे. माळ मानेमागे अडकवायच्या फाशाची स्प्रिंग मेलेली.

“एक पट्टेवाली आहे यात,” हेडबाई जाता जाता म्हणाल्या. “एका मोत्याला मधोमध वळी आहे, कंबरपट्टा बांधल्यासारखी. आई तिला मुद्दाम मागे घालायची, फाशाजवळ. लोकांना दिसू नये म्हणून. तेवढं लक्षात ठेवा.”

मावशीनं माळ उसवली. सदुसष्ट मोती एकेक करून, सौम्य साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून पुसले. मग नुसत्या पाण्याच्या फडक्यानं. भोकांतला जुन्या धाग्याचा चोथा काढला. रात्रभर पंच्यावर सुकू दिले. मग रेशीम, मग गाठी. फासा दुरुस्तीला गेला होता, म्हणून दोन्हीकडचे शेवटचे तीन-तीन मोती तिनं गाठीविना सोडले, धागा लांब ठेवला आणि एक साधा हूक तात्पुरता बांधला. आणि माळ गळ्यात घातली.

पहिल्या दिवशी मोती गार लागले. दुसऱ्या दिवशी काढायच्या वेळी तिला वाटलं, अजून एक दिवस बघू, धागा उतरतोय. धागा केव्हाच उतरून थांबला होता. रोज संध्याकाळी ती माळ पुसायची, पंच्यावर निजवायची, आणि रोज मोत्यांवरचा मळाचा पापुद्रा थोडा थोडा निघायचा. मोती काही जिवंत होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आत मुरलेला पिवळेपणा तसाच होता. पण चुन्यासारखा होता तो आता लोण्यासारखा दिसत होता, आणि आतून दिवा लावल्यासारखं काहीतरी वर येत होतं. एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या किती माळा या गळ्यावरून गेल्या! ही तेवढी जाईना.

नवव्या दिवशी तिची दाढ काढायची होती. दवाखान्यातल्या पोरीनं कॉलर सैल करायला लावली आणि माळ बाहेर आली. दाढ निघाली. तोंडात कापूस कोंबून डॉक्टर म्हणाले, “अर्धा तास घट्ट चावून बसा. एक शब्द बोलायचा नाही.”

मावशी बाहेर बाकावर येऊन बसली, तर शेजारी हेडबाई.

“अहो, तुम्ही सराफाकडच्या ना? काचेजवळ बसता त्या?”

मावशीनं मान हलवली. कॉलरकडे हात गेला, पण उशीर झाला होता.

“काय सुरेख माळ हो!” हेडबाईंनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि त्या वाकल्या. अगदी जवळून, उत्तरपत्रिका तपासावी तशी माळ तपासली. “याला म्हणतात मोती! नाहीतर आमची. आईची म्हणून ठेवायची, बाकी काय आहे त्यात? तुमच्या दुकानातलीच का ही?”

“म्म्,” मावशी म्हणाली. सगळं सांगायला तोंड उघडलं असतं तर कापूस खाली पडला असता.

“विकायची आहे?”

“म्म्म्!” मावशीनं जोरात मान हलवली, आडवी. पण दुखण्यानं ती उभी-आडवी दोन्ही हलली, आणि हेडबाईंना हवी तेवढी त्यांनी घेतली.

“ठरलं तर. मी मालकांना फोन करते.”

दुसऱ्या दिवशी मालक हसतच काचेपाशी आला. हातात मावशीसाठी चहा. हे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

“मावशी, हेडबाईंचा फोन होता. तुमच्या गळ्यातली माळ हवीय त्यांना. कुठली हो ही माळ?”

“त्यांचीच.”

मालकानं चहा पाटीशेजारी टेकवला. मग त्यानं आवाज उतरवला. “त्या म्हणाल्या, माझी जुनी मोडीत घ्या, मला तिचं तोंडही बघायचं नाही. मग झालंच की! त्यांना हवी ती माळ मिळते, आपल्याला... आपल्यालाही काहीतरी मिळतं. यात कुणाचं वाईट झालं, सांगा बरं?”

“त्यांचीच माळ त्यांनाच विकायची?”

“विकायची कशाला म्हणता? त्या आपण होऊन घेतायत. ओळखता येत नाही ही काय आपली चूक?”

“मी सांगणार त्यांना.”

मालकाचं हसू गेलं. “सांगा. पण आधी तुम्हालाच सांगावं लागेल, की गिऱ्हाइकाची माळ गळ्यात घालून नऊ दिवस गावभर मिरवलीत. दाताच्या दवाखान्यातसुद्धा. अशा बाईला मी या काचेपुढे बसवू शकत नाही, मावशी. कुठलाच सराफ नाही बसवणार. विचार करा.”

मावशीनं विचार केला. चहा घेतला नाही. फासा दुरुस्त होऊन आला होता. तिनं तात्पुरता हूक कापला, टोकाच्या मोत्यांना गाठी मारल्या, धागा फाशावर घासू नये म्हणून तारेची बारीक नळी घातली. पट्टेवाली शेवटच्या जागी होती, आई घालायची तिथंच. मग तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाची अर्धवट माळ पुढ्यात ओढली आणि गाठी मारत बसली. त्या खुर्चीच्या हातांवर तिच्या कोपरांनी दोन वाट्या पाडल्या होत्या. कोपरं त्यांत ठेवून ती दुपारपर्यंत बसली.

हेडबाई दुपारी आल्या, अत्तराच्या वासात. मालकानं मखमली ताटात माळ ठेवली.

“हीच!” हेडबाई म्हणाल्या.

“हीच,” मावशी उठून म्हणाली. “बाई, ही तुमच्या आईची आहे.”

“मावशी, गाठी मारा तुम्ही,” मालक म्हणाला.

“मी नऊ दिवस घातली ही. एक दिवस घालायची असते. आठ दिवस जास्तीचे, ते माझ्या हौसेचे. ही तुमची जुनीच माळ आहे, नवी म्हणून घेऊ नका.”

“काहीतरीच काय,” हेडबाई रागावल्या. “माझी माळ मला ओळखता येत नाही? साडेतीन हजार मुली ओळखते मी!”

मावशीनं माळ उलटी केली. फाशाला लागून शेवटचा मोती. मधोमध वळी. कंबरपट्टा.

हेडबाईंनी त्या वळीवरून बोट फिरवलं. मग बारीक आवाजात म्हणाल्या, “गळ्यात घाला बरं माझ्या.”

“आधी मान पुसा. अत्तर आहे.”

साडेतीन हजार मुलींच्या हेडबाईंनी ओल्या फडक्यानं मान पुसली. मावशीनं माळ घातली. हेडबाई आरशात बघत होत्या आणि आरशातल्या हेडबाई प्रसन्न होत होत्या.

“काय सुंदर केलीत हो! आता तर हिला फार जपायला हवं.” त्यांनी पर्स उघडली. आतून घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी काढली. “बँक चारपर्यंत उघडी असते ना?”

मावशीनं आपल्या पिशवीतून मऊ कापडाचा बटवा काढून डबीशेजारी ठेवला. “निदान यात ठेवा. आणि अधूनमधून घाला.”

“मावशी,” मालकानं घसा खाकरला. “उद्यापासून तुम्ही...”

पण खुर्चीवरून उतरायची वेळ तिला दुसऱ्यानं कधी सांगितली नव्हती. तिनं सुयांची डबी उचलली, चिमटा उचलला, चष्मा पुसून पिशवीत टाकला, आणि मालकाचं वाक्य संपायच्या आत दार उघडलं.

“अहो, आणि ही अर्धी माळ?” मालक काचेकडे धावला आणि पाटीवरची माळ गाठी मारलेल्या टोकाला धरून त्यानं वर उचलली. गाठींच्या बाजूचे मोती जागच्या जागी राहिले. दुसऱ्या बाजूचे अठ्ठावीस सुईवरून सरकले आणि टप टप करत फरशीवर पांगले.

गाठमावशी रस्त्यानं चालली होती. गळा मोकळा, कॉलर नीट लावलेली, चाल नेहमीसारखीच सावकाश. मालक मोती वेचत टेबलाखाली गुडघ्यांवर होता. तिथून त्याला काचेच्या खालच्या पट्टीतून फक्त तिच्या चपला दिसत होत्या, आणि त्या वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला. हेडबाई काचेपाशी उभ्या होत्या. एका हातात उघडी डबी, दुसरा हात मानेमागे, फाशावर. फासा काढायला गेलेला तो हात पट्टेवालीवर थांबला होता.