अक्काचा बॉट

ऑफिसात सगळे तिला अक्का म्हणत. सॉफ्टवेअरच्या मुख्य प्रतीत कुणाचा नवा कोड मिसळला, म्हणजे मर्ज झाला, की बाकीच्यांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड मिसळून घ्यायच्या प्रलंबित विनंत्या, तपासायच्या, आणि ज्या त्या नव्या कोडशी जुळत नाहीत, म्हणजे ज्यांचा कॉन्फ्लिक्ट होतोय, त्यांच्या लेखकांना कळवायचं, हे काम आपोआप करणारा बॉट तिनेच लिहिला होता. टीम लीड मात्र तिची रिक्वेस्ट रिव्ह्यूविना लटकत ठेवी आणि मर्जीतल्यांचा कोड आधी मर्ज करी. मग बॉट इमानाने तिलाच सूचना धाडी. ती निमूटपणे कॉन्फ्लिक्ट सोडवी, तोवर पुढचा मर्ज झालेला असे.

वार्षिक बैठकीत लीडने त्या सूचना पडद्यावर दाखवल्या.

"अक्का, तुमचं काम कुणाशी जुळतच नाही. हे तुमचाच बॉट म्हणतोय."

सगळे हसले.

"कुणामुळे, ते तो सांगत नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी तिला कामावरून काढलं. बॉट तेवढा ठेवून घेतला.