सुकेळी आणि सव्वीस उद्गारचिन्हं

मी आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले. निवृत्त झाले तरी संशय निवृत्त झाला नाही. बोळिंजला आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन मला केलं, ते बहुधा याच गुणावर.

एके दिवशी ग्रुपवर, मी सेव्ह न केलेल्या एका नंबरवरून, सुकेळ्यांची पोस्ट आली. राजेळी केळी उन्हात वाळवून वसईकडे सुकेळी करतात, वाळलेल्या केळीच्या पानांत बांधून ठेवतात, ते मला माहीत होतं. पण पोस्ट सगळी रोमन कॅपिटल अक्षरांत. ‘घरगुती’ कॅपिटलमध्ये, ‘लवकर करा’ कॅपिटलमध्ये, मागे तीन-तीन, चार-चार, कुठे पाचही उद्गारचिन्हं. मी मोजली, सव्वीस भरली. असं ओरडणारे फसवे मेसेज आम्हाला रोज येतात. मी ती पोस्ट काढून टाकली.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची सून दारात उभी. हातात फोन, डोळे भरलेले.

“ताई, माझी पोस्ट काढलीत?”

“तुझी होती? मला वाटलं फसवणूक.”

ती आत आली. सासूबाई गावच्या वाडीत एकट्या सुकेळी करतात. यंदा कोणी नेली नाहीत तर वाळवणाचा मांडव मोडायचा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. “म्हणाल्या, कुनी खात नाय तर कशाला हाडं मोडून घ्यायची. ताई, त्या बोलतात तसं करतात.”

मी तरीही लगेच विरघळले नाही. पोस्ट उघडायला सांगितली आणि एकेक ओळ धरून जाब विचारला. ‘शंभर टक्के नैसर्गिक’च्या मागे चार चिन्हं कशाला? लोकांना खरं वाटावं म्हणून. साखर घालत नाहीत, हे कॅपिटलमध्ये का? कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून. आणि ‘डॉक्टरांनी सुचवलेली’, हिला तर पाच?

ती हळूच म्हणाली, “ती दुसऱ्या एका जाहिरातीतून घेतली.”

“म्हणजे जिथे तुझी खात्री नाही, तिथे तू सगळ्यात जोरात ओरडलीस.”

माझं बोलणं तिला लागलं असणार, पण ती ओळ तिने स्वतःच पुसली. कॅपिटल आम्ही वाक्याच्या सुरुवातीपुरतं ठेवलं. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’ गेले. त्यांच्या जागी कोणी केली, कुठे वाळवली आणि साखर नाही, एवढं साधं लिहिलं. उद्गारचिन्हं मी सगळीच्या सगळी उडवली.

तिने वाचून पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. “ताई, हे ‘उद्या पाणी येणार नाही’सारखं वाटतंय.”

खरं होतं. माझ्या हातून सगळं कागदी होतं, हे मला ऑफिसातही ऐकवलं जायचं. मी रागावले, मग विचारलं, “यातलं तुला खरोखर कशाचं कौतुक आहे?”

ती विचारसुद्धा न करता म्हणाली, “सासूबाईंनी यंदाही केली, याचं.”

मग पहिलंच वाक्य झालं: ‘माझ्या सासूबाईंनी यंदाही सुकेळी केली!’ अख्ख्या पोस्टमध्ये तेवढंच एक चिन्ह. खाली लिहिलं, रविवारी सकाळी गेटजवळच्या पारावर या, चव घ्या, मग ठरवा. चव घ्या म्हणणारा सहसा फसवत नाही, असं मला वाटलं. सहसा.

रविवारी सासूबाई गावाहून आल्या आणि पारावर टोपली घेऊन बसल्या. मी लांबून बघत होते, कारण माझा अजून पूर्ण विश्वास नव्हता. पहिली आली ती माझ्यापेक्षाही शंकेखोर बाई.

“साखर घातलीय का?”

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “केला गोड नसतो काय?”

बाईने एक खाल्लं आणि चार बांधून घेतली. मग बाकीच्या आल्या. अकराच्या आत टोपलीत नुसती पानं उरली.

मी पुढे गेले तेव्हा म्हातारीने मला खालून वर निरखलं. “पोस्ट काढलेली, ती तूच ना?”

“हो,” मी म्हटलं. मला लाज वाटली.

“बरा केलास. बाजारात लय ओरडतो, त्याच्याकडं मी पन जात नाय.” पदराखालून तिने एक बांधलेलं सुकेळं काढलं. माझ्यासाठी आधीच बाजूला ठेवलं असावं. “खा. तपासून बघ.”

मी खाल्लं. काही विचारायचं राहिलं नाही.

टोपली उचलताना सासूबाई सुनेला म्हणाल्या, “मांडवाचे बांबू सोडू नको.”